कॅनरी रोज हजर, जॉब मात्र मेलेला: या चुका टाळा

रात्री दीडला जॉब चालतो आणि सकाळी मेल येतो: "त्रुटी: ०". या मेलचे दोन अर्थ निघतात. एक तर डेटा खरंच स्वच्छ आहे, नाहीतर तपासणी झालेलीच नाही. नुसता मेल वाचून यातलं कुठलं खरं ते सांगता येत नाही. म्हणून रोज एक मुद्दाम चुकीची नोंद आत सोडायची आणि ती रिपोर्टमध्ये पकडली गेलेली दिसलीच पाहिजे असं ठरवायचं. ही नोंद म्हणजे कॅनरी. कल्पना पाच मिनिटांत समजते, आणि पाच मिनिटांतच ती बसवून मोकळे होणारे लोक पुढच्या चुका करतात.

कॅनरीवर तारीख न टाकणे

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नमुन्यादाखल बिलं तपासणारा जॉब घेऊ. फोल्डरमधल्या फायली उचलायच्या, टेबलमध्ये भरायच्या, नियम लावायचे, रिपोर्ट पाठवायचा. कॅनरी म्हणजे `CANARY-001` नावाचं, उणे रकमेचं एक बिल. उणे रक्कम नियमात बसत नाही, त्यामुळे ते रोज त्रुटींच्या यादीत यायला हवं. स्क्रिप्ट अशी:

```
set -e
cat inbox/*.csv | python3 load.py | tee load.log
python3 check.py
python3 mail_report.py
```

वर `set -e` आहे, म्हणजे काही बिघडलं की स्क्रिप्ट थांबेल, असा सगळ्यांचा समज. एका रात्री फाइल पाठवणाऱ्यांनी एक कॉलम वाढवला आणि `load.py` त्रुटी देऊन बंद पडला. पण बॅश अशा साखळीचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवतो. शेवटी आहे `tee`, आणि `tee` व्यवस्थित पार पडला. स्क्रिप्ट पुढे सरकली. टेबल रिकामं करणं आणि नवीन नोंदी भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने सगळं मागे फिरलं आणि टेबलमध्ये आदल्या दिवसाचा डेटा जसाच्या तसा राहिला. `CANARY-001` सुद्धा. तपासणीने तो पकडला, रिपोर्ट गेला, कॅनरी हजर. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. कुणीतरी कालचं बिल शोधायला जातं आणि ते सापडत नाही, तेव्हा कुठे हे उघडकीला येतं.

`set -eo pipefail` लिहिलं की हे एक भोक बुजतं. पण अशी भोकं मोजून संपत नाहीत, आणि कॅनरी असते ती आपल्याला न दिसलेल्या भोकांसाठीच. तिच्या नावात त्या दिवसाची तारीख असेल तर वरच्या प्रकारात पहिल्याच रात्री आजची कॅनरी रिपोर्टमध्ये नसती. नाव असं बनवा:

```
TOKEN="CANARY-$(date -u +%Y%m%d)"
```

`-u` मुद्दाम आहे. एक मशीन यूटीसीवर आणि दुसरं स्थानिक वेळेवर असेल तर दोघांची "आज" वेगळी निघते आणि खोटी ओरड सुरू होते. कॅनरी सोडणं आणि ती शोधणं, दोन्ही एकाच यूटीसी दिवसात बसतील अशा वेळा ठेवा. आणखी एक: ही ओळ सरळ क्रॉनटॅबमध्ये चिकटवू नका. तिथे `%` म्हणजे नवीन ओळ. पहिल्या `%` पाशी कमांड तुटते आणि उरलेला मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. एक तर `\%` लिहा, नाहीतर ओळ स्क्रिप्टमध्ये ठेवा. मी दुसरं करतो. क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टच्या नावापलीकडे काही असूच नये.

कॅनरी मधूनच घुसवणे

फाइल बनवायचा कंटाळा, म्हणून थेट टेबलमध्ये `INSERT`. मग फोल्डरची परवानगी बदलली, फायली येणंच थांबलं, वाचणारा भाग बिघडला, तरी कॅनरी ठणठणीत. खऱ्या बिलांची फाइल ज्या दारातून येते त्याच दारातून, त्याच स्वरूपात कॅनरीची फाइल यायला हवी. खरी फाइल बाहेरून अपलोड होत असेल तर कॅनरीचीही बाहेरूनच अपलोड करा.

याचीच उलटी बाजू म्हणजे कॅनरी भलत्याच पायरीने पकडणे. व्हायरस तपासणीसाठी आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. रात्रीचं स्कॅन चालतं का हे बघायला ती डिस्कवर ठेवली, तर सतत चालू असलेलं संरक्षण ती तिथल्या तिथे उचलून बाजूला करतं. इशारा येतो, सगळे खूश. रात्रीच्या स्कॅनबद्दल मात्र काहीच सिद्ध झालेलं नसतं. इशारा कुठल्या पायरीने दिला ते एकदा लॉग उघडून बघा.

शोधणारा त्याच मशीनवर ठेवणे

जॉबच्या शेवटी "कॅनरी दिसली नाही तर मेल पाठव" अशी ओळ टाकलेली असते. मशीन बंद पडलं, क्रॉन थांबला किंवा मेल अडकला, तर ही ओळही त्याच्याबरोबर जाते. बातमी द्यायचं काम शांततेवर सोपवा. दुसऱ्या मशीनवर, जिथे रिपोर्ट माणसांना मिळतो त्याच मेलबॉक्समधून तो उतरवून घ्या आणि कॅनरी सापडली तरच बाहेरच्या पहारा सेवेला हाक द्या:

```
grep -q "$TOKEN" report.txt && curl -fsS -m 10 --retry 3 "$PING_URL"
```

ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की ती सेवा ओरडते, आणि तीही मेलने नाही, फोनवर. `-f` विसरू नका, नाहीतर सर्व्हरने ४०४ दिलं तरी `curl` सगळं ठीक असल्याचं सांगतो. प्रोमिथियसवाल्यांकडे हीच युक्ती `Watchdog` या नावाने असते: `vector(1)` वर कायम पेटलेला अलर्ट, जो थांबला की बाहेरचा पहारेकरी जागा होतो.

वेळेत घाई करू नका. जॉब एरवी २:१० ला संपतो आणि महिनाअखेरीला ३:०० ला, तर हाकेची मुदत ३:३० ठेवा. २:१५ ठेवणारे उत्साही लोक महिनाअखेरीच्या दोन खोट्या फोननंतर अलर्टच बंद करून टाकतात.

एकाच कॅनरीवर भागवणे

पकडली जायलाच हवी अशी एक आणि पकडली जाऊ नये अशी दुसरी, अशा दोन हव्यात. नियमातली मर्यादा चुकून शून्य झाली आणि प्रत्येक बिल त्रुटीत जाऊ लागलं, तरी पहिली कॅनरी हजेरी लावतच राहते. चांगलं बिल त्रुटींच्या यादीत दिसलं की गडबड कळते. ते चांगलं बिल "तपासलेल्या नोंदी" मध्ये आलं का तेही बघा. यादीत नसणं म्हणजे पास होणं असं धरलं की आपण पुन्हा "त्रुटी: ०" पाशी येतो.

बारीकसारीक

कोडमध्ये `if id.startswith("CANARY")` लिहून तिला वेगळी वाट काढून देऊ नका. तशी कॅनरी स्वतःचीच वाट तपासते. बेरजेतून तिला वगळायचं असेल तर अगदी शेवटी, रिपोर्टची बेरीज करताना वगळा. सात दिवसांपूर्वीच्या कॅनऱ्या पुसत जा.

आणि महिन्यातून एकदा, कुणाला न सांगता, कॅनरी टाकूच नका. मग घड्याळ लावून बसा आणि फोन किती वाजता वाजतो ते लिहून ठेवा. ३:३० ची मुदत असताना ३:४० पर्यंत वाजला नाही, तर आधी पहारा सेवेत नोंदलेला नंबर बघा. बरेचदा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो.