ऑटोमॅटिक कॅम्पेन खरंच बुकिंग आणतं का: माझा अनुभव

पेडण्यातल्या आमच्या होमस्टेसाठी ऑनलाइन जाहिरातींचं ऑटोमॅटिक कॅम्पेन चालू होतं, म्हणजे जाहिरात कुठे दाखवायची ते सिस्टीमच ठरवते. डॅशबोर्डवर बुकिंग भरभरून, रजिस्टरमधला एकूण आकडा मात्र तिथल्या तिथे. कुठली जाहिरात कुठे दिसली, याचा पत्ताच नाही. फोटो बदलले, बजेट वाढवलं, काही फरक नाही. वैताग आला होता.

शेवटी उपयोगी पडलं ते एका शहरात जाहिरात बंद ठेवणं. आधी रजिस्टरमधून पाहुणे कुठल्या शहराचे ते मोजलं, फोनवरची बुकिंगही धरून, रद्द झालेली वगळून. ठरावीक काळात पुणे 80, कोल्हापूर 40, म्हणजे निम्मी. मग लोकेशनमधून कोल्हापूर वगळलं आणि तिथे होणारा 12,000 रुपये खर्च बजेटमधूनही कमी केला. हे विसरू नका, नाहीतर तेच पैसे पुण्याकडे वळतात आणि तुलना बिघडते. बाकी कशालाही हात लावला नाही. कार्निव्हल, शिगमो, डिसेंबर टाळले.

तेवढ्याच काळात पुण्याची 88 आली. त्या हिशेबाने कोल्हापूरची 44 यायला हवी होती, जाहिरात नसताना 36 आली. म्हणजे कॅम्पेनची खरी भर 8, प्रत्येकी 1,500 रुपये. डॅशबोर्ड त्याच खर्चात 24 सांगत होता. उरलेले आमचं नाव शोधून तसेही आलेच असते.

आठचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून नंतर उलट केलं: पुणे बंद, कोल्हापूर चालू. भर साधारण तेवढीच निघाली. एका बुकिंगमागे आम्हाला 2,200 सुटतात, म्हणून कॅम्पेन चालू ठेवलंय.