दादाच्या गार्डियनशिपसाठी कोर्टात जाताना काय तयारी ठेवायची

आई गेली आणि दादाची फॅमिली पेन्शन, त्याच्या नावची एफडी, रामबागेतल्या घरातला त्याचा हिस्सा, सगळंच अडकलं. दादा म्हणजे माझा दीर, 46 चा आहे, बौद्धिक दिव्यांगता आहे, पण माणूस 18 चा झाला की कायद्याने कोणीच आपोआप पालक राहत नाही. त्यामुळे वकिलांनी 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट काढला तर तिथेच थांबवा, तो अल्पवयीनांसाठी आहे. सज्ञान माणसासाठी एक वाट 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या जिल्हा समितीची, दुसरी 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 14. आम्ही कलम 14 खाली जिल्हा कोर्टात गेलो, तेवढंच सांगते.

आधार, मृत्यू दाखला, दिव्यांग सर्टिफिकेट, हे न सांगता न्यालच. पण नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. मदत देऊनही हा माणूस कायदेशीर निर्णय घेऊ शकत नाही असं कोर्टाला आधी दिसावं लागतं, म्हणून डॉक्टरांकडून त्याला काय कळतं आणि काय नाही ते लिहून घ्या. दादा दूधवाल्याचे पैसे बरोबर देतो, व्याज म्हणजे काय ते त्याला कळत नाही, असं साध्या शब्दांत.

आता मी जे चुकले ते. कलम 14 चं पालकत्व मर्यादित असतं, ठराविक निर्णयांसाठी, ठराविक मुदतीसाठी. मी अर्जात फक्त पेन्शन खातं लिहिलं. ऑर्डर आली, बँकेत गेले, साहेबांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, इसमें एफडी कहाँ है?" नव्हतीच. परत अर्ज, परत तारखा, चार महिने गेले. म्हणून अर्ज करायच्या आधी घरी बसून दादाच्या नावची प्रत्येक गोष्ट लिहा: खातं नंबरासकट, एफडी पावतीसकट, घरातला हिस्सा, ऑपरेशन लागलं तर त्याची संमती, आणि मुदत किती हवी तेही. "सर्व व्यवहार" असं मोघम लिहून चालेल असं धरून बसू नका. हिस्सा विकायचा असेल तर तेही स्पष्ट मागा. वकिलांनी टाइप केलेला अर्ज सही करण्याआधी या यादीशी ओळीओळीने ताडून बघा, अगदी खरंच बघा.

भावाबहिणींची ना-हरकत शपथपत्रं आधीच घ्या, आमची ताई बडोद्याला, तिच्या एका सहीसाठी एक तारीख वाया गेली.

दादाला कोर्टात न्या. निर्णय त्याच्याशी बोलून घ्यायचे असतात असं कायदाच म्हणतो. जजसाहेबांनी हिंदीत विचारलं तेव्हा तो माझ्या पर्सची चेन उघडझाक करत गप्प बसला, मी मराठीत विचारल्यावर लगेच म्हणाला, "पैसे वहिनी ठेवते." त्याला मराठीच कळतं हे वकिलांना आधी सांगून ठेवा.

पुढचं थोडक्यात: हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून, मुदत संपायच्या आधी नवा अर्ज, प्रमाणित नकला चार-पाच. आणि नकल हातात आली की खिडकीपाशीच उभं राहून वाचा, एफडी आली का, हिस्सा आला का.