संरक्षक भिंतीमागचं पाणी बाहेर कसं काढावं

कोकणात उतारावर घर बांधायचं तर आधी डोंगर कापून सपाटी करावी लागते आणि कापलेल्या कडेला भिंत घालावी लागते. पूर्वी ही भिंत म्हणजे गडगा असायचा. चिरे किंवा दगड एकावर एक रचलेले, मध्ये ना चुना ना सिमेंट. पावसाळ्यात त्याच्या फटीफटीतून पाणी पाझरायचं. आता त्याच जागी आपण सिमेंटात बांधकाम करतो, दगडांमधल्या दर्जा भरतो, वर गिलावाही करतो. भिंत घट्ट होते, पण पाण्याच्या शेकडो वाटा एकदम बंद होतात. त्या वाटा मुद्दाम ठेवाव्या लागतात. त्या कशा ठेवायच्या ते पुढे सांगतो, पण त्याआधी एक हिशोब पाहू, म्हणजे हा खर्च कशासाठी करायचा ते कळेल.

पाणी किती ढकलतं

समजा भिंत ३ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण दहा फूट. काळ्या दगडाची, सिमेंटात बांधलेली. माथ्याला ६० सेंटिमीटर आणि तळाला १८० सेंटिमीटर जाड. अशा भिंतीच्या एक मीटर लांबीचं वजन साधारण ८.३ टन भरतं. भिंत पुढे सरकू नये म्हणून तळाशी जे घर्षण मिळतं, ते वजनाच्या निम्मं धरू, म्हणजे ४.१ टन.

मागे चांगला, निचरा होणारा मुरूम भरलेला आहे. मातीचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे मातीचं सगळं वजन भिंतीवर येत नाही. चांगल्या भरावात खोलीवरच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग आडवा दाब म्हणून येतो. तो हिशोब केला तर प्रत्येक मीटर लांबीवर २.७ टनांचा रेटा येतो. ४.१ विरुद्ध २.७, म्हणजे भिंत दीडपट सुरक्षित.

आता तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला असं धरा. पाण्यात बुडाल्यामुळे मातीचं वजन हलकं होतं आणि तिचा रेटा १.५ टनांवर उतरतो. पण पाण्याचे कण एकमेकांना धरत नाहीत. खोलीवर जेवढा उभा दाब, तेवढाच आडवा. त्याचा रेटा ४.५ टन होतो. दोन्ही मिळून ६ टन. घर्षण मात्र ४.१ टनांचंच आहे. शिवाय पाणी पायाखाली शिरलं तर भिंतीला खालून उचलतं, तेव्हा वजन आणि घर्षण दोन्ही आणखी घटतात. जी भिंत मे महिन्यात दीडपट सुरक्षित होती, ती जुलैत सरकते. मध्ये बदललं फक्त पाणी.

यातली न पटणारी गोष्ट अशी की पाणी किती आहे याला इथे महत्त्व नाही, ते किती उंचीपर्यंत उभं आहे याला आहे. भिंत आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट असेल आणि ती वरपर्यंत भरली, तर ती बोटभर पाण्याची पट्टी भिंतीला तळ्याएवढंच ढकलते. म्हणून ‘आमच्याकडे पाणी फारसं येत नाही’ हे कारण चालत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. एवढंसं पाणी बाहेर काढायला फार मोठी व्यवस्था लागत नाही. वाट मोकळी असली की दाब तयारच होत नाही.

पहिलं काम: पाणी येतं कुठून ते बघा

भिंत बांधायच्या आधीचा एक पावसाळा जागेवर जाऊन बघता आला तर उत्तम. कापलेल्या दरडीत ओली पट्टी कुठे दिसते, जांभ्याखालच्या चिकट मातीच्या थरावरून पाझर कुठे फुटतो, हे नीट टिपून ठेवा. त्या जागी पाणी बाहेर पडायला भिंतीत जास्त भोकं लागतात. वरच्या बाजूला शोषखड्डा, पाण्याची टाकी किंवा छपराची पन्हळ थेट भरावात पाणी सोडत असेल तर ती आधी दुसरीकडे वळवा.

वीप होल बसवताना

वीप होल म्हणजे भिंतीतून आरपार ठेवलेलं भोक. त्यासाठी ७५ ते १०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरतात. पुलांच्या आणि रस्त्यांच्या कामात १०० मिलिमीटरचे पाइप आडवे-उभे साधारण एक मीटर अंतरावर ठेवायची पद्धत आहे. घरामागच्या भिंतीलाही तीच ठेवावी. वरच्या ओळीतलं भोक खालच्या दोन भोकांच्या मध्यावर येऊ द्या. पाइपला बाहेरच्या बाजूला उतार हवा. वीसास एक पुरे, म्हणजे ६० सेंटिमीटर जाडीत ३ सेंटिमीटर.

सगळ्यात खालची ओळ समोरच्या जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर वर असावी. ती उंच गेली तर तिच्याखालचं पाणी अडकतं आणि पायाशी मुरत राहतं. म्हणून खालच्या ओळीच्या पातळीखाली, भिंतीच्या मागच्या बाजूला, काँक्रीटचा किंवा चिकण मातीचा थर उतार देऊन घालतात. पाणी पायात न उतरता भोकाकडे येतं.

पाइप बसवताना त्याचं आतलं तोंड बोळा कोंबून बंद करतात, म्हणजे काँक्रीट आत शिरत नाही. ते बोळे काम संपल्यावर काढायचे राहून जातात. एका घरामागच्या भिंतीला समोरून बघितलं तर वीस-बावीस भोकं रांगेत होती, पण जुलैच्या धो-धो पावसात एकातूनही थेंब येत नव्हता. गज घालून बघितला तर निम्म्या पाइपांत सिमेंटच्या गोणीचे तुकडे होते आणि उरलेल्यांच्या तोंडाशी लाल माती घट्ट बसलेली. मागे खडी घातलीच नव्हती. भराव टाकण्याआधी प्रत्येक पाइपातून काठी आरपार घालून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

खरं काम भोकामागच्या खडीचं

भोक ही फक्त दाराची जागा. दारापर्यंत पाणी आणतो तो भिंतीमागचा खडीचा थर. चिकट मातीतलं पाणी एक मीटर लांबच्या भोकापर्यंत पोचायला फार वेळ घेतं आणि तोवर वरचा पाऊस थांबलेला नसतो. खडीत आलेला थेंब मात्र सरळ खाली उतरतो.

भिंतीच्या पाठीला लागून, तळापासून माथ्याच्या थोडं खालपर्यंत, २० ते ४० मिलिमीटर खडीचा सलग थर भरा. लहान भिंतीला ३० सेंटिमीटर जाडी चालते. पुलांच्या बाजूच्या भिंतींना ६० सेंटिमीटर धरतात. नुसत्या भोकांच्या तोंडाशी खडीचा टोपलीभर ढीग ठेवून भागत नाही. भोकांच्या मधल्या पट्ट्यात पाणी तसंच उभं राहतं.

खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणी लागते, नाहीतर माती वाहून खडीत बसते आणि दोन-चार पावसाळ्यांत थर बुजतो. आज सोपा उपाय म्हणजे न विणलेलं, नमद्यासारखं दिसणारं जिओटेक्स्टाइल कापड. ते मातीच्या बाजूला लावा, जोडाला ३० सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. शेडनेट किंवा गोणपाट त्याच्या जागी चालत नाही. एकातून माती सुटते, दुसरं कुजतं. कापड मिळत नसेल तर जुनी रीत वापरा: मातीकडे वाळू, मग बारीक खडी, भिंतीकडे मोठी खडी. काम किचकट आहे, पण उपयोगी आहे.

भिंत लांब असेल तर खडीच्या तळाशी, भिंतीला समांतर, भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइपही घाला. शंभर मीटरला एक मीटर उतार द्या आणि टोक उघड्यावर, दिसेल अशा जागी काढा. मातीखाली संपलेला पाइप बंद पाइपासारखाच.

भराव आणि माथा

खडीमागे मुरूम भरा. कापणीतून निघालेली लाल चिकट माती फुकट मिळते म्हणून तीच परत टाकायचा मोह होतो, पण ती पाणी धरून ठेवते. थर २० सेंटिमीटरचे ठेवा आणि भिंतीजवळ हाताने किंवा हलक्या कंपन-यंत्राने दाबा. जड रोलर भिंतीला खेटून फिरवला तर त्याचाच दाब भिंतीवर बसतो. सिमेंट पुरेसं पक्कं व्हायच्या आत भराव टाकू नका.

याउलट शेवटचा ३० सेंटिमीटर थर मात्र मुद्दाम चिकण मातीचा घ्या, चांगला ठोकून, भिंतीपासून मागे उतरता. पावसाचं पाणी आत शिरूच नये, हा त्याचा हेतू. त्याच्या मागे, डोंगराच्या बाजूला, पक्का चर काढून पाणी भिंतीच्या टोकांकडून खाली उतरवा. भोकांतून बाहेर आलेलं पाणीही पायापाशी साचू नये म्हणून भिंतीसमोर उघडं गटार ठेवा. आयताकृती, झाकण नसलेलं बरं. कचरा लगेच दिसतो.

भिंत दीड मीटरहून उंच असेल, किंवा माथ्यावर घर, रस्ता वा वाहनतळ असेल, तर जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच काढून घ्या. निचरा कितीही चांगला केला तरी बारीक भिंत जाड होत नाही.

पावसात काय बघायचं

पहिल्या मोठ्या पावसानंतर भिंतीसमोर उभं राहा. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर व्यवस्था चालू आहे. पाणी लाल, गढूळ येत असेल आणि दोन-तीन पावसांनंतरही निवळत नसेल, तर भरावातली माती वाहून जातेय. गाळणी फाटली आहे किंवा घातलीच नव्हती. पुढे माथ्यावर खड्डा पडेल. भोकं कोरडी पण भिंतीचा दगड ओला, दर्जांतून पाझर, अशी स्थिती सर्वांत वाईट. पाणी मागे उभं आहे.

जुन्या भिंतीला भोकं नसतील तर ती समोरून पाडता येतात. हे काम पावसाळ्याआधी, मागची माती कोरडी असताना करा. हातोडा-छिन्नीने ठोकण्यापेक्षा कोअर कटरने ७५ मिलिमीटरची भोकं पाडा, धक्का कमी बसतो. त्यात बारीक भोकांचा पाइप, आतल्या टोकाला जिओटेक्स्टाइल गुंडाळून, मागच्या मातीत अर्धा-पाऊण मीटर सरकवा. मागे खडी नसल्यामुळे हा निचरा नव्या भिंतीएवढा चांगला होत नाही, म्हणून माथ्यावरचा चर आणखी महत्त्वाचा ठरतो.

पण आधी ओळंबा लावून बघा. भिंत पुढे झुकली असेल, मध्ये पोट आलं असेल, किंवा माथ्यामागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडली असेल, तर भोकं पाडायला जाऊ नका. भेगेवर प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. भिंतीच्या पायथ्याशी झोपणाऱ्या माणसांना आणि बांधलेल्या गुरांना त्याच दिवशी हलवा आणि इंजिनीअरला बोलवा. २०१९ च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात अतिवृष्टीच्या रात्री टेकडीवरची भिंत कोसळली, तेव्हा तिच्याखालच्या झोपड्यांतली माणसं झोपेतच होती.