गार इंजिनाचा धूर: चार छोट्या फेऱ्यांची एक फेरी कशी करावी

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की पहिल्या एक-दोन मिनिटांत तिच्या सायलेन्सरमागे वेगळाच उग्र वास येतो. दहा मिनिटांनी तीच गाडी, तेच इंजिन, तेच पेट्रोल, आणि वास जवळजवळ नाहीसा. हा फरक एकदा नीट कळला की आठवड्याची कामं कशी आखायची तेही कळतं. म्हणून आधी कारण सांगतो, मग पायऱ्या.

गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. फवाऱ्यातला बराच भाग सिलिंडरच्या थंड भिंतींवर ओल्या थरासारखा बसतो आणि जळायचा राहतो. तरीही इंजिन चालू राहावं म्हणून गाडीचा संगणक जास्तीचं पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत हेच काम आपण चोक ओढून करायचो. परिणाम असा की अर्धवट जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर बाहेर पडतात.

एरवी हे विषारी वायू निस्तरायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. धुराच्या नळीत बसवलेला, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा हा ठोकळा, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. पण तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. त्याला तापायला गाडी आणि हवामान यांनुसार अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात इंजिनातून निघालेला धूर जवळजवळ जसाच्या तसा हवेत जातो. म्हणजे इंजिन सर्वांत घाण धूर सोडत असतं तेव्हाच त्याचा राखणदार झोपलेला असतो. एकदा तो जागा झाला की पुढचे कित्येक किलोमीटर फार थोडा विषारी वायू बाहेर पडतो. त्यामुळे या वायूंच्या हिशेबात किती किलोमीटर चाललात यापेक्षा गार गाडी किती वेळा सुरू केलीत हे जास्त महत्त्वाचं.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद ठेवा. गाडी सुरू केली की वेळ लिहायची, बंद केली की पुन्हा वेळ लिहायची, पुढे अंतर. बाकी काही नको. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी गाडी किती वेळ उभी होती ते काढा.

इथे एक चूक बहुतेकांकडून होते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अजून वर आहे, म्हणजे गाडी गरम आहे, असं आपण धरतो. तो काटा इंजिनातल्या कूलंटचं तापमान दाखवतो, कन्व्हर्टरचं नाही. इंजिन म्हणजे जड धातू आणि कित्येक लिटर पाणी. ते गार व्हायला तास न् तास लागतात. कन्व्हर्टर हलका असतो, त्यामुळे तो खूप लवकर निवतो. दहा मिनिटं थांबलात तर तो बहुधा पुरेसा गरम असतो. तासभर थांबलात तर काटा अर्ध्यावर दिसेल, पण कन्व्हर्टर पुन्हा झोपलेला असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेतल्या प्रदूषण चाचणीतही हा भेद पाळतात: निदान 12 तास उभी ठेवलेली गाडी सुरू करून पहिली 505 सेकंदं मोजतात, आणि शेवटी गाडी 10 मिनिटं बंद ठेवून तीच 505 सेकंदांची धाव पुन्हा मोजतात. पहिली गार, दुसरी गरम.

म्हणून नोंदवहीत तीन खुणा करा: पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा सुरू केली तर ‘गरम’, काही तास उभी होती तर ‘गार’, मधलं सगळं ‘कोमट’. या सीमा ढोबळ आहेत, थंडीत आणखी आखडतात, पण कामापुरत्या पुऱ्या आहेत.

दुसरी पायरी: कामं जोडा. एक उदाहरण करून पाहू. दवाखाना घरापासून 5 किलोमीटर, बँक 3, कुरिअर 2 आणि दुकान दीड. सगळं एकाच दिशेला. चारही कामं वेगवेगळ्या वेळी केली तर 23 किलोमीटर होतात आणि गाडी घरून चार वेळा गार सुरू होते. हिशेबासाठी समजा, गरम गाडी दर किलोमीटरला विषारी वायूंचा 1 एकक सोडते आणि प्रत्येक गार सुरुवातीचा जादा भार 30 एकक. (आकडे केवळ समजण्यासाठी, प्रत्येक गाडीचे वेगळे.) चार गार सुरुवातींचे 120 आणि अंतराचे 23, एकूण 143. एकाच फेरीत केली तर अंतर सुमारे 11 किलोमीटर आणि गार सुरुवात एकच: 41. आता समजा एकत्र केल्याने अंतर अजिबात वाचलं नाही, 23 च राहिलं. तरी बेरीज 53 च येते. मधल्या छोट्या थांब्यांनंतरच्या सुरुवाती दोन्हीकडे चारच आहेत, म्हणून त्या धरल्या नाहीत.

तिसरी पायरी: क्रम. सर्वांत दूरचं काम आधी. दवाखान्यापर्यंतच्या पाच किलोमीटरमध्ये कन्व्हर्टर आणि इंजिन दोन्ही तापतात. मग परतताना बँक, कुरिअर, दुकान असे छोटे थांबे घेतले तर तो गरम राहतो. उलट दुकान आधी घेतलं, तर दीड किलोमीटरमध्ये जेमतेम तापलेली गाडी वीस मिनिटं उभी राहून पुन्हा निवते. एखाद्या ठिकाणी दोन तास लागणार असतील तर तिथेच गाडी उभी ठेवून आसपासची कामं चालत उरका. तो मोठा थांबा दुसरी गार सुरुवात आणणारच आहे, तिसरी आणू नका.

चौथी पायरी: सुरू केल्यावर काय करायचं. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नका. न्यूट्रलमध्ये धूर कमी आणि त्यातली उष्णताही कमी, म्हणून सगळंच सावकाश तापतं. सुरुवातीला आरपीएम थोडा चढलेला दिसतो, तो बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठीच मुद्दाम ठेवलेला असतो. अर्ध्या मिनिटात निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवा. जोरात दाबलात तर तापायच्या आतच कितीतरी जास्त धूर निघून जातो.

या पद्धतीने काय साधत नाही तेही सांगायला हवं. कार्बन डायऑक्साइड जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात निघतो. कन्व्हर्टर तो थांबवत नाही. गार इंजिन जास्त पेट्रोल पितं म्हणून तोही थोडा वाढतो, पण वर सांगितलेल्या वायूंसारखा पटीने नाही. त्यासाठी किलोमीटरच कमी करावे लागतात. कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीत हा फरकही कमी दिसतो, कारण ती गरम झाल्यावरही घाणच धूर सोडते.

डिझेल गाडीवाल्यांना आणखी एक त्रास. काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच येत नाही. फिल्टरचा दिवा वारंवार लागत असेल आणि नोंदवहीत ‘गार’च्या खुणा जास्त असतील, तर आधी फेऱ्या जोडून पाहा. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली पांढुरकी साय दिसणं हीही तशीच खूण: ऑइल पुरेसं तापत नाही, म्हणून पाणी उडून जात नाही. अर्थात कूलंटची पातळीही उतरत असेल तर ते फेऱ्यांचं काम नाही, मेकॅनिकचं आहे.

सगळं जोडूनही एखादी दीड किलोमीटरची एकटी फेरी उरतेच. तिच्यासाठी गाडी काढली तर जाताना निम्मा रस्ता कन्व्हर्टर तापण्यातच जातो. ती फेरी चालत किंवा सायकलने करा.