मुलाखतीचा डेमो पाठ: या चुका टाळा

शिक्षक निवडीच्या समितीवर मी बरीच वर्षं बसते आहे. उमेदवार बदलतात, चुका त्याच. पहिली चूक म्हणजे 35 मिनिटांचं पाठ टाचण 10 मिनिटांत कोंबणं.

मागे एक मुलगी पाचवीला अपूर्णांकांची तुलना शिकवायला आली. वाढदिवस, केक, केकचे तुकडे यातच सहा मिनिटं गेली, मग फळ्यावर शीर्षक आलं. समच्छेद, भिन्नच्छेद, सगळंच तिला दाखवायचं होतं. 1/3 मोठा की 1/4, असं तिने विचारलं. दुसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, 1/4. तीनपेक्षा चार मोठा ना!"

"चूक. बस खाली. दुसरं कोण सांगेल?"

पुढच्या मुलीने बरोबर उत्तर दिलं आणि पाठ पुढे गेला. तो मुलगा शेवटपर्यंत वहीत बघत बसला. आम्ही तिला घेतलं नाही. वेळ संपली म्हणून नव्हे, त्या उत्तरामुळे. पाचवीत निम्मा वर्ग असंच म्हणतो, कारण इतकी वर्षं मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या हेच त्यांनी पाहिलेलं असतं. तिथे थांबणं हाच तो पाठ होता.

मी असा पाठ घेते तेव्हा एकच गोष्ट ठरवते: अंश 1 असेल तर छेद वाढला की भाग लहान होतो. 24 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या नेते. तिनाच्या घड्या ऐन वेळी नीट पडत नाहीत, म्हणून एकीवर 8-8 आणि दुसरीवर 6-6 सेंटिमीटरच्या घड्या घरीच घालते. चुकलेल्या मुलालाच पुढे बोलवायचं, दोन्ही पट्ट्यांचा एकेक भाग एकाखाली एक धरायला लावायचा आणि गप्प राहायचं. तो स्वतःच म्हणतो, "चार वाटे केले की वाटा लहान होतो." हे वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं. पट्ट्यांची लांबी मात्र सारखीच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. शेवटी 1/5 आणि 1/8 देऊन पट्टीशिवाय कारण विचारायचं. एवढ्यात 10 मिनिटं भरतात.

नेटवरून उतरवलेलं टाचण आणू नका. "हा प्रश्न इथेच का?" असं विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

"समजलं का?" विचारू नका, सगळे होच म्हणतात.

प्रोजेक्टरवर विसंबू नका.

आणि आदल्या दिवशी शाळेत फोन करून विचारा: इयत्ता कोणती, माध्यम कोणतं, समोर मुलं असतील की समितीच. समितीच असेल तर आमच्यातलं कोणीतरी मुद्दाम चुकीचं उत्तर देणार. मी तरी दर वेळी देते.