कॅमेऱ्याबद्दल पालकांना ईमेल कसा लिहावा : ‘बंधनकारक’ हा शब्द आधी खोडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीचे जादा वर्ग ऑनलाइन घ्यायचे ठरले की शाळेतला कोणीतरी जुन्या पत्राचा नमुना पुढे ढकलतो. ‘सर्व विद्यार्थ्यांनी कॅमेरा सुरू ठेवणे बंधनकारक आहे. शिस्तभंग खपवून घेतला जाणार नाही.’ हा नमुना वापरू नका. मी वापरला होता.

विषयाच्या ओळीत इयत्ता, तारीख आणि ‘कॅमेरा’ हा शब्द घाला. मजकूर एका स्क्रीनवर मावेल एवढाच ठेवा, कारण निम्मे पालक तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणूनच वाचणार आहेत. वेळापत्रक आणि लिंक वेगळ्या पाठवा. एवढं सगळ्यांना जमतं.

अडतं ते कॅमेऱ्याच्या परिच्छेदावर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी घरात कूलर एकाच खोलीत असतो आणि सगळं घर तिथेच आडवं झालेलं असतं. बाबा बनियनवर, आजी खाटेवर, लहानगं जमिनीवर आणि त्यातच एका कोपऱ्यात आपली विद्यार्थिनी फोन डब्याला टेकवून बसलेली. तुम्ही ‘कॅमेरा सुरू’ म्हणता तेव्हा तुम्ही त्या खोलीत शिरत असता. माझ्या वर्गात एका मुलीच्या मागे झोपलेल्या आजोबांचा स्क्रीनशॉट कोणीतरी काढला आणि संध्याकाळपर्यंत मुलांच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, “बाई, आमनं घर कसाले दखाडतस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कॅमेरा मला नक्की कशासाठी हवा होता हे मी पत्र लिहिताना स्वतःलाच विचारलं नव्हतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर उतरवा की चाळीस मिनिटांत कॅमेरा कोणत्या मिनिटाला लागतो. हजेरीला लागत नाही, नाव घेतल्यावर आवाज पुरतो. लक्ष आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बावीस चौकोन एकदम बघावेत. मूल स्क्रीनकडेच बघत असतं, त्या स्क्रीनवर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या भूमितीच्या तासाला कॅमेरा खरोखर लागतो तो एकाच कामाला. बाह्यबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढताना कंपासचं टोक कुठे ठेवलंय ते मला बघायचं असतं. त्यासाठी चेहरा कशाला? फोनचा मागचा कॅमेरा वहीवर धरायचा, दोन मिनिटं. घर दिसत नाही, आजी दिसत नाही, रचना मात्र स्पष्ट दिसते.

डेटाचाही हिशेब करा. सबंध तास कॅमेरा सुरू ठेवला तर साध्या फोनवर तीन-चारशे एमबी सहज जातात. रोजच्या दीड जीबीत दोन भावंडं दोन-दोन तास बसली तर दुसऱ्याचा शेवटचा तास पुरा होण्याआधीच तुटू शकतो. मूल ‘नेट गेलं’ म्हणतं, आपण बहाणा समजतो.

आता सवलतीचं वाक्य. ‘काही अडचण असल्यास कारण कळवून परवानगी घ्यावी’ असं लिहिलंत की गेलंच. घरात एकच खोली आहे, हे कोणता बाप लेखी देईल? तो मुलाला तासालाच बसवणार नाही. कारण मागायचंच नाही. मी आता असं लिहिते :

‘कॅमेरा फक्त वहीतील रचना दाखवताना, दोन-तीन मिनिटे, सुरू करायचा आहे. तो वहीवर धरावा. चेहरा दाखवण्याची गरज नाही. तेही शक्य नसेल तर “बंद” एवढा एकच शब्द उत्तरात पाठवा. कारण लिहू नका, विचारले जाणार नाही. अशा मुलांनी वहीचा फोटो तास संपल्यावर मला पाठवावा. उत्तर आले नाही तर कॅमेरा बंद राहील असे मी धरेन. कॅमेऱ्यामुळे हजेरी किंवा गुण कमी होणार नाहीत.’

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. गप्प बसलेल्या पालकाला होकार समजणं ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे.

‘बॅकग्राउंड ब्लर करा’ हा सल्लाही पत्रात नको. स्वस्त फोनवर ती सोय बऱ्याचदा येतच नाही. येते तिथेही मुलाजवळून कोणी गेलं तर तोही माणूसच म्हणून स्पष्ट दिसतो. त्याऐवजी दोन गोष्टी सांगा. लिंक उघडल्यावर आत येण्याआधीच कॅमेऱ्याचं बटण बंद करा, आणि फोन आईचा असेल तर तिच्या खात्यावरचा फोटो आणि नाव सगळ्या वर्गाला दिसतं हे लक्षात ठेवा.

रेकॉर्डिंगचा परिच्छेद वेगळा आणि खरा लिहा. गूगल मीटवर रेकॉर्डिंग केलं की फाइल तास ठरवणाऱ्याच्या ड्राइव्हवर ‘Meet Recordings’ या फोल्डरात जाते. त्यात जो बोलतो त्याचं चित्र येतं, म्हणजे कॅमेरा सुरू ठेवून शंका विचारणारं मूलही. ‘सात दिवसांनी काढून टाकू’ असं लिहिणार असाल तर कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर फाइल तिथे आणखी तीस दिवस पडून राहते. मी फक्त माझं शिकवणं रेकॉर्ड करते आणि शंकांच्या आधी थांबवते. पत्रात तेच लिहिते : कोण करतं, कोणाला दिसतं, कधी पुसतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. ते मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, संमती वेगळी घ्या, पण पत्रात कलमं डकवू नका. पालक घाबरून सही करतात, ती संमती नव्हे.

एक वचन कधीच देऊ नका : ‘कोणीही स्क्रीनशॉट घेऊ शकणार नाही.’ ते थांबवणं तुमच्या हातात नाही, कोणी घेतला तर मीट तुम्हाला सांगतही नाही. लिहा की स्क्रीनशॉट घेणं मना आहे, घेतल्याचं कळलं तर कोणाला सांगायचं, आणि शाळा त्याच दिवशी दोन्ही घरांशी बोलेल. माझ्या प्रसंगात स्टिकरबद्दल सांगायला पुढे आली ती दुसरीच एक मुलगी. तिला स्टिकर आवडलं नव्हतं, पण सांगायचं कोणाला हे पत्रात नव्हतं.

पत्र संध्याकाळी साडेसातनंतर पाठवा. केळीच्या बागेतून, बाजार समितीतून माणूस तेव्हा घरी येतो. दुसऱ्या दिवशी ‘बंद’ अशी उत्तरं यायला लागतील. प्रत्येकाला एकच उत्तर द्या : ‘चालेल.’ पुढे प्रश्नचिन्ह टाकू नका.