ओपन-वर्ल्ड गेम अडखळतोय? हार्ड डिस्क बदलण्याआधी या चुका टाळा

‘हार्ड डिस्कमुळे फक्त लोडिंगला वेळ लागतो, गेम एकदा सुरू झाला की काही फरक पडत नाही.’ हा सल्ला 2015 साली बरोबर होता. तेव्हाचे मोठे गेम प्लेस्टेशन 4 साठी बनायचे आणि त्यात 5400 आरपीएमची साधी हार्ड डिस्क होती. त्या डिस्कला झेपेल एवढंच शहर दाखवायचं, ही गेम बनवणाऱ्यांची सक्तीच होती. 2018 च्या स्पायडर-मॅन गेममध्ये तर टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा डिस्कवर सुमारे 400 ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिलेला होता, म्हणजे डिस्कला तो शोधत हिंडावं लागू नये. 2020 मध्ये नवे कन्सोल एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घेऊन आले आणि ही सक्ती संपली. सायबरपंक 2077 ने सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटपासून किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली. त्याच महिन्यात आलेल्या स्टारफील्डनेही तेच केलं.

म्हणून जुन्या लॅपटॉपवर जीटीए 5 किंवा विचर 3 नीट चालतो आणि सायबरपंक रडवतो, यात नवल काही नाही. तरी डिस्कला दोष देताना आणि डिस्क बदलताना काही चुका हमखास होतात.

एमबी प्रति सेकंद बघून डिस्क ठीक आहे असं ठरवणं

पिक्चर कॉपी करताना हार्ड डिस्क 100 एमबीचा वेग दाखवते, मग गेमला काय धाड भरली? फरक असा की पिक्चर ही सलग फाइल असते. ओपन-वर्ल्ड गेम मात्र दरवाज्याचं टेक्सचर इथून, माणसाचा आवाज तिथून, असे छोटे तुकडे मागत असतो. 5400 आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरी पूर्ण करायला 11 मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते आणि हेड सरकायला साधारण 12 मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका तुकड्यामागे 17-18 मिलिसेकंद. 60 एफपीएसला, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवताना, अख्खी फ्रेमच 16.7 मिलिसेकंदांची असते!

सेकंदाला असे 55-60 तुकडे मिळतात. तुकडा 64 केबीचा धरला तर जेमतेम साडेतीन एमबी झाले. इकडे गाडी ताशी 150 किलोमीटरने पळवली तर सेकंदाला 40 मीटरपेक्षा जास्त रस्ता नवा समोर येतो. मग रस्त्याचं टेक्सचर पुसट राहतं, इमारती ठोकळ्यासारख्या दिसतात, माणसं अचानक उगवतात, नाहीतर डेटा येईपर्यंत गेम क्षणभर थिजतो. साध्या सॅटा एसएसडीला हाच तुकडा शोधायला सुमारे 0.1 मिलिसेकंद पुरतो.

सरासरी एफपीएसवर विश्वास ठेवणं

दोन्ही डिस्कवर एफपीएस सारखाच येतो असे तक्ते नेटवर भरपूर सापडतात आणि ते खोटे नसतात. फ्रेम काढण्याचं काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं आहे. मिनिटातून तीनदा गेम अर्धा सेकंद थिजला तरी सरासरी फारशी हलत नाही, खेळणारा मात्र वैतागतो. सर्वात हळू 1 टक्का फ्रेम्सचा आकडा किंवा फ्रेमटाइमचा आलेख बघा.

दुसरी गफलत कॅशची आहे. विंडोज एकदा वाचलेला डेटा रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं. त्यामुळे त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा गेलात की हार्ड डिस्कवरही गेम गुळगुळीत चालतो.

सगळ्याच अडखळण्याला डिस्क जबाबदार धरणं

ही सर्वात महागात पडणारी चूक. पण याच कॅशचा उपयोग करून खरा दोषी पकडता येतो. शहरातला एक ठरावीक रस्ता निवडा आणि तिथे सेव्ह करून ठेवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तो रस्ता गाडीने पळा, तीच सेव्ह उघडून लगेच परत पळा, मग पुन्हा रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा पळा.

पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत अडकलं, मधल्या फेरीत नाही, तर दोष डिस्कचा. फक्त पहिल्याच फेरीत अडकलं तर बहुधा शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, तयार होत होते. ते एकदा बनले की डिस्कवर साठवले जातात, म्हणून रीस्टार्टनंतर त्रास देत नाहीत. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा हाच खेळ होतो. तिन्ही फेऱ्यांत सारखंच अडकलं तर प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डच्या मेमरीकडे बघा.

सोबत टास्क मॅनेजर उघडा ठेवा. एक नेहमीचं उदाहरण घेऊ: 2019 च्या सुमाराचा लॅपटॉप, 256 जीबी एसएसडीवर विंडोज, 1 टीबी हार्ड डिस्कवर सायबरपंक, रॅम 8 जीबी. गाडी पळवताना हार्ड डिस्कचा `Active time` 100 टक्क्यांना चिकटलेला, `Average response time` शंभर-दोनशे मिलिसेकंद, आणि वाचनाचा वेग मात्र चार-पाच एमबी. हे दिसलं की पंचनामा झाला. डिस्क पूर्ण राबतेय आणि हाती काही लागत नाही.

याच लॅपटॉपवर गोंधळ घालणारी गोष्ट म्हणजे 8 जीबी रॅम. कॅशला जागाच उरत नाही, म्हणून मधली फेरीही खराब जाते. शिवाय रॅम कमी पडली की विंडोज ज्या पेजफाइलमध्ये डेटा टाकतं ती हार्ड डिस्कवर असेल तर गेम एसएसडीवर हलवूनही अडखळत राहतो. सायबरपंक आता किमान 12 जीबी रॅम मागतो ते उगाच नाही. अशा मशीनला एसएसडी आणि रॅम दोन्ही लागतात.

ग्राफिक्स सेटिंग कमी करत बसणं

रिझोल्यूशन आणि सावल्या कमी केल्याने ग्राफिक्स कार्ड मोकळं होतं, डिस्कवरचा भार तेवढाच राहतो. पुसट टेक्सचर बघून माणूस सगळं ‘लो’ करतो आणि चित्र आणखी वाईट होतं, एवढंच. हार्ड डिस्कवरच भागवायचं असेल तर सायबरपंकमध्ये गेमप्ले सेटिंगमधला `Slow HDD Mode` सुरू करा, रस्त्यावरची गर्दी कमी करा आणि खेळताना स्टीमची डाउनलोड थांबवा. तात्पुरता आराम मिळतो.

विंडोज एसएसडीवर, गेम हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हवर

‘माझ्याकडे एसएसडी आहे तरी अडकतं’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथे सापडतात. कोणता ड्राइव्ह कसला आहे याची खात्री नसेल तर पॉवरशेलमध्ये ही ओळ टाका:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, HealthStatus
```

गेम हलवायला पुन्हा डाउनलोड लागत नाही. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून `Properties`, मग `Installed Files`, तिथे `Move install folder`. फोल्डर नुसता कट-पेस्ट केला तर स्टीमला गेम सापडत नाही.

सर्वात महागडी एसएसडी घेणं

सॅटा एसएसडी सेकंदाला 550 एमबी देते, तिच्याहून वेगवान प्रकारची एनव्हीएमई एसएसडी साडेतीन ते सात हजार एमबी, काही त्याहूनही जास्त. बहुतेक गेममध्ये हा फरक काही सेकंदांच्या लोडिंगपुरता उरतो, कारण डेटा आला तरी तो उलगडायचं काम प्रोसेसरलाच करावं लागतं. जीटीए ऑनलाइन आठवा. एसएसडी असूनही लोकांना मिनिटंच्या मिनिटं लोडिंग बघत बसावं लागायचं. 2021 मध्ये एका प्रोग्रामरने शोधून काढलं की 10 एमबीची एक यादी अत्यंत अडाणी पद्धतीने वाचली जात होती. त्याने तो कोड सुधारल्यावर लोडिंगचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला, आणि रॉकस्टारने दुरुस्ती स्वीकारून त्याला बक्षीसही दिलं.

तेव्हा वेगापेक्षा आकाराला पैसे द्या. 500 जीबीत विंडोज आणि तीन मोठे गेम भरले की जागा संपते, आणि काठोकाठ भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना रेंगाळते. 1 टीबी घ्या, दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा. जुनी हार्ड डिस्क काढून टाकायचं कारण नाही. जुने गेम, पिक्चर आणि खेळून झालेल्या गेमचा बॅकअप तिच्यावर खुशाल राहू द्या. खेळायचं मनात आलं की एसएसडीवर हलवायला दहा-पंधरा मिनिटं लागतील.